विक्रमादित्य: इ.स.पू. ५७चा राजा की चंद्रगुप्ताची पदवी?

पाडव्याला इंदूरच्या मराठी घरांत शके आणि विक्रम संवत दोन्ही उच्चारले जातात, आणि विक्रमादित्य खरंच होऊन गेला का, हा वाद निघतोच.

पहिली बाजू म्हणते की होऊन गेला. जैन कालकाचार्य कथेत शकांनी उज्जैन घेतलं, विक्रमादित्याने त्यांना हाकललं आणि संवत सुरू केला. पण ही कथा बरीच नंतर लिहिली गेली. त्याच्या दरबारातल्या नवरत्नांची यादी तर टिकतच नाही: तिच्यातल्या वराहमिहिराने गणितासाठी शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५, हे वर्ष धरलं आहे. या बाजूचा खरा आधार म्हणजे सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातला विक्रमादित्याच्या दानशूरपणाचा उल्लेख. मात्र त्या संग्रहात पुढेही भर पडत गेली, म्हणून ती एक गाथा किती जुनी हे ठरत नाही.

दुसरी बाजू म्हणते की विक्रमादित्य ही चंद्रगुप्ताची पदवी; ती शिलालेखांवर उभी आहे, आणि मला तीच पटते. आपल्या मंदसौरच्या सूर्यमंदिराच्या लेखात ४९३ हे वर्ष मालवगणाच्या नावाने मोजलंय, म्हणजे इ.स. ४३६. त्याआधीच्या लेखांत याच संवताला 'कृत' म्हणतात. विक्रमाचं नाव त्याला खात्रीने जोडलेलं दिसतं ते नवव्या शतकात. संस्थापकाचं नाव इतकी शतकं कोरलं जाऊ नये, हे खटकतं. उलट गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने इ.स. ४००च्या सुमारास माळव्यातले शक क्षत्रप हरवले, आणि त्याच्या नाण्यांवर 'विक्रमादित्य' ही पदवी आहे.

तरी मौन म्हणजे नकार नव्हे. इ.स.पू. पहिल्या शतकातलं त्या नावाचं एखादं नाणं सापडलं, तर मी बाजू बदलेन.