वर्षभराने आलेला ‘काय रे, बरा आहेस ना?’ : संकोच की काम?

वर्षभर एकही फोन न केलेल्या जुन्या मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅपवर अचानक ‘काय रे, बरा आहेस ना?’ एवढाच निरोप येतो, तेव्हा त्याचे दोन अर्थ चटकन मनात येतात. एक असा की त्याला आपली खरोखरच आठवण झाली आहे, पण मधल्या अबोल्यामुळे अवघडल्याने तो हात राखून बोलतो आहे. दुसरा असा की त्याचे काही काम आहे आणि ही त्याची नांदी आहे. अडचण अशी की दोन्ही अर्थांचे पहिले वाक्य एकसारखेच असते.

निरोप खरोखर त्याचाच आहे का, हा तिसरा प्रश्न आधी निकालात काढावा. खाते दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर विचारपूस लवकरच सहा अंकी कोडवर किंवा तातडीच्या पैशांवर येते. असा कोड कोणालाही देऊ नये आणि त्याच्या जुन्या नंबरवर साधा फोन लावून आवाज ऐकावा. ‘सुरक्षा कोड बदलला’ ही सूचना मात्र पुरावा मानू नये, कारण मित्राने नुसता फोन बदलला तरी ती दिसू शकते. पैसे गेलेच असतील, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

आता संकोचाचा अर्थ. लारा अ‍ॅकनिन आणि गिलियन सँडस्ट्रॉम या संशोधिकांचा याच विषयावरचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, ज्यांच्याकडे त्याच्याशी संपर्क साधायची सोय होती आणि ज्यांना निरोप लिहायला वेळही दिला होता, त्यांच्यापैकी एक-तृतीयांशाहून कमी लोकांनी तो प्रत्यक्ष पाठवला. जुन्या मित्राला निरोप पाठवायला लोक अनोळखी माणसाशी बोलण्याइतकेच कचरतात, असेही त्यात आढळले. म्हणूनच निरोप तोकडा आहे एवढ्यावरून तो कोरडा ठरवू नये. बहुधा लांबलचक खुलासा लिहून, पुसून, शेवटी उरलेले ते चार शब्द असतात.

कामाचा अर्थ पहिल्या ओळीत नव्हे, तर पुढच्या चार-पाच ओळींत उघडा पडतो. असा मित्र आपल्या प्रश्नांना एका शब्दात उत्तर देतो आणि स्वतः मात्र आपल्या ऐपतीभोवती फिरत राहतो: सध्या नोकरी कुठे, फ्लॅट घेतलास का, ‘साइड इनकम’चा विचार केलास का. मग विम्याची पॉलिसी येते किंवा ‘फक्त अर्धा तास झूमवर ये’ असा आग्रह होतो. आई कशी आहे, हे विचारायचे राहूनच जाते.

फोंड्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. मित्र क्रूझ जहाजावर नोकरीला आहे. गेल्या चवथीपासून गप्प होता आणि आता त्याचा निरोप आला आहे. ‘बोटीवर होतो’ हे उत्तर गोव्यात कोणालाही पटते, पण ते पूर्ण वर्षाला पुरत नाही, कारण अशी कंत्राटे साधारण सहा ते नऊ महिन्यांची असतात आणि उरलेले महिने माणूस घरीच असतो. तेव्हा त्याला लिहावे: ‘बरा आहे. तुझी आठवण निघाली होती. बोटीवरून कधी उतरलास?’ यात तक्रार नाही आणि कसले आश्वासनही नाही, पण उत्तर मात्र नेमके द्यावे लागते. ‘मार्चमध्येच आलो, पण नवीन कंत्राट मिळाले नाही, कोणाला तोंड दाखवावेसे वाटेना’ असे तो लिहील, तर संकोचाचा अर्थ जवळजवळ पक्का होतो. ‘झाले थोडे दिवस, ते सोड, एक मस्त संधी आहे’ असे आले, तर दुसरा.

याच मित्राने आठवडाभराने वीस हजार उसने मागितले तर? येथे घाईने दुसऱ्या अर्थाकडे वळणे मला पटत नाही. काम सुटलेला माणूस जुन्या मित्राकडे जातो, यात लबाडी नाही. आठवण आणि गरज एकाच वेळी खरी असू शकते. फरक नकारानंतर कळतो. ‘पैसे जमणार नाहीत, पण रविवारी घरी जेवायला ये’ असे सांगितल्यावर जो येतो, किंवा आज जमत नाही म्हणून दुसरा दिवस स्वतः सुचवतो, त्याच्या पहिल्या निरोपाकडे आपुलकीने पाहावे. नकारासरशी जो पुन्हा गप्प होतो, त्याच्याबाबतही थोडी सवड ठेवावी, कारण लाजेने गप्प झालेला आणि काम न झाल्याने गप्प झालेला बाहेरून सारखेच दिसतात. पंधरा दिवसांनी पैशांचा विषय न काढता एकदा आपणच फोन करावा, आणि तोही उचलला गेला नाही, तर पुढचा निरोप त्याच्याकडून येऊ द्यावा.