नैराश्यात झोपेची गोळी: क्लोनाझेपाम, झोल्पिडेम की मिर्टाझापिन?

नैराश्यात काहींचा रात्री डोळाच लागत नाही. काहींना झोप लागते, पण पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात तेच ते विचार घोळत राहतात. गोळी निवडताना डॉक्टरांना आधी हा फरक सांगा, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं.

झोल्पिडेम चटकन चढतं आणि लवकर उतरतं. अडीच-तीन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे झोप लागायला ते उपयोगी, पण साध्या गोळीने पहाटेची जाग टळेलच असं नाही. बायकांना आणि वयस्कांना सहसा ५ मिलिग्रॅमच देतात, आणि पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यायचं. झोपेतच उठून चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं असे प्रकार झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. असं एकदा जरी झालं, तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही.

क्लोनाझेपाम आपल्याकडे सर्रास दिलं जातं. एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधासोबत एकाच गोळीतही मिळतं. एसिटालोप्रामचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि सुरुवातीला त्यानेच बेचैनी वाढू शकते. तेवढ्या दिवसांपुरता आधार म्हणून क्लोनाझेपाम देणं ठीकच. घोटाळा होतो तो पुढे. याचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ४० तास लागतात, म्हणजे कालची गोळी पुरती उतरायच्या आत आजची पोटात जाते. आठवड्याभरात दिवसा सुस्ती, विसराळूपणा, विचारांचा मंदपणा दिसू लागतो. हीच नैराश्याचीही लक्षणं, म्हणून घरच्यांना वाटतं आजार वाढला. ही सुस्ती कधी सुरू झाली, गोळीच्या आधी की नंतर, एवढं तारखेसह लिहून ठेवलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

लक्षणं झाकली कशी जातात, हे आकड्यांत बघा. नैराश्य मोजायच्या PHQ-9 या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात. समजा, रुग्णाचे १७ गुण आहेत. क्लोनाझेपामवर दोन आठवड्यांनी झोपेचे गुण ३ वरून ० झाले, अस्वस्थतेचे १ वरून ०. बेरीज १३. कागदावर आजार ‘मध्यम-तीव्र’वरून ‘मध्यम’ झाला. पण कशात रस नसणं २ होतं ते २च आहे, उदासी ३ची ३च, स्वतःला नालायक समजणंही २च. म्हणजे मूळ आजार जागच्या जागी आहे. फक्त रात्र सुधारली. ‘आता झोप लागते ना?’ एवढंच विचारून चिठ्ठी पुढे चालू ठेवली, तर एसिटालोप्रामचा डोस वाढवण्याची वेळ निघून जाते. म्हणून बेरजेपेक्षा हे तीन प्रश्न, म्हणजे १, २ आणि ६, आणि शिवाय ९ वेगळे बघायचे. नववा मरणाच्या विचारांचा. त्यात शून्याहून काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. अशा घरात महिन्याभराच्या पट्ट्या ठेवू नयेत. आठवड्यापुरत्याच आणाव्यात आणि दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असाव्यात. दारूसोबत तर यांतली कुठलीच गोळी नको. श्वास मंदावण्याचा धोका क्लोनाझेपाम आणि झोल्पिडेममध्ये विशेष.

मिर्टाझापिन हे मुळात नैराश्यावरचंच औषध, त्यामुळे झोप आणि मूड दोन्हींवर काम होऊ शकतं. भूक मेलेली, वजन उतरलेलं आणि पहाटे जाग असा रुग्ण असेल तर आमचं मत याच बाजूने झुकतं. मधुमेह किंवा स्थूलपणा असेल तर नाही, कारण भूक आणि वजन दोन्ही वाढतात. आणि यातही एक फसगत आहे: ७.५ मिलिग्रॅमवर झोप छान लागते, पण नैराश्यावरचा नेहमीचा डोस १५ ते ४५ असतो. झोप लागली म्हणून साडेसातवरच थांबलं, तर इथेही मूड झाकलेलाच राहतो.

यांतलं काहीही सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचारल्या जायला हव्यात. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का? असेल तर क्लोनाझेपाम नकोच. कमी झोपूनही ताजंतवानं वाटायचं, बोलणं आणि खर्च सुटायचा, असे दिवस पूर्वी येऊन गेलेत का? तसं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो, आणि मग मिर्टाझापिनचाही विचार बदलतो.

क्लोनाझेपाम काही आठवडे रोज घेतलं असेल तर एकदम बंद करू नका. झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. डॉक्टर सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी थोडं थोडं कमी करतात. डोस घटल्यावर काही दिवसांतच झोप उडाली, हात थरथरले, आवाज-उजेड नकोसा झाला, तर ती बहुधा गोळी सुटतानाची प्रतिक्रिया असते. तेव्हा डॉक्टर आधीच्या डोसवर थोडं थांबून मग हळू उतरवतात. याउलट झोप ठीकठाक असतानाही उदासी आणि निरसता आठवड्यागणिक परत चढत गेली, तर तो आजार उलटतोय, आणि तिथे बदलायचं ते नैराश्यावरचं औषध.