घडीवर पिवळी पडलेली पांढरी लुगडी-धोतरं आणि ऑक्सिजन ब्लीच : पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

ऑक्सिजन ब्लीचची पावडर वापरायला लागून उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. चहाच्या, भाजीच्या ताज्या डागांवर ती कशी चालते हे बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून त्यात शिरत नाही. माझं काम वेगळं होतं. सासूबाईंच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेली पांढरी सुती लुगडी आणि मामंजींची धोतरं बाहेर काढली, तर कापड एरवी ठीकठाक आणि घडी मोडली होती तिथे तिथे पिवळट-तपकिरी पट्टे. लुगडं उलगडलं की उभ्या-आडव्या रेघांची जाळीच दिसायची. त्या रेघांचं काय झालं, तेवढंच इथे सांगते.

आधी पावडरीविषयी. पाकिटावर घटक म्हणून फक्त सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असेल तीच घ्या. गरम पाण्यात ते विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन भाग होतात. पिवळेपणा पेरॉक्साइड घालवतं, जुना तेलकटपणा सोडा सोडवतो. वास आणि चकाकी घातलेल्या ‘ऑक्सिजनवाल्या’ साबण पावडरीत हे थोडंसंच असतं, बाकी साबण. जुन्या कापडातून तो साबण धुऊन काढणं हेच मग वेगळं काम होऊन बसतं.

रेघा घडीवरच का पडतात, हे कळल्याशिवाय पुढची खटपट वाया जाते. कापड ठेवताना त्यात थोडी खळ, थोडा साबण, अंगाचं तेल-घाम राहिलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. घडीची बाहेरची कड हवेला आणि ट्रंकेच्या किंवा कपाटाच्या लाकडाला लागून असते, आतले पदर झाकलेले राहतात. दमट दिवसांत ओल कापडात शिरते आणि सुकताना कडेकडून सुकते. जाताना आतली विरघळणारी घाण कडेशी आणून सोडते. दर पावसाळ्यात हेच. शिवाय त्या कडेवरचा सुती धागाही हळूहळू जळत आलेला असतो. म्हणजे रेघेत दोन गोष्टी असतात, साचलेली घाण आणि खराब झालेला धागा. पहिली निघते. दुसरीचा रंग उतरतो, पण धागा परत धडधाकट होत नाही. ही पावडर काय करू शकते आणि काय नाही, हे सगळं याच एका गोष्टीवर ठरतं.

म्हणून भिजवण्याआधी कापड खिडकीसमोर धरून रेघ बघायची. उजेड एकसारखा आला तर पुढे जा. रेघेवर बारीक बारीक छिद्रांची ओळ दिसली, किंवा दोन बोटांत हलकेच ताणल्यावर धागे सरकले, तर ते कापड फक्त साध्या पाण्यातून काढायचं आणि तेवढ्यावर थांबायचं. रेशमाला आणि जरीला ही पावडर अजिबात नाही. सोड्याने रेशीम खरखरीत होतं, जर काळी पडते. सोवळ्याचं पांढरं कापड सुती की रेशमी अशी शंका आली तर काठाजवळचा एक सुटा धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत.

आता एका लुगड्याचं सविस्तर सांगते. पांढरं सुती नऊवारी, काठ बारीक तांबडा. काठाचा रंग जातो का हे आधी पाहिलं. आतल्या टोकाला पावडरीचं गरम पाणी लावून, वर पांढरा रुमाल दाबून पंधरा मिनिटं ठेवलं. रुमालावर अगदी पुसट गुलाबी आली असती तरी मी पुढे गेले नसते, कारण एवढ्या मोठ्या पांढऱ्यावर काठाचा रंग पसरला की तो कशानेच निघत नाही.

मग गंजाचे ठिपके शोधले. ट्रंकेचा पत्रा किंवा टाचणी लागलेली असेल तिथे नारिंगी ठिपके असतात, आणि ते घडीच्या रेघेवर असले तर पटकन लक्षात येत नाहीत. हे सोडून चालत नाही. लोखंडाला लागून पेरॉक्साइड फार वेगाने फुटतं आणि तेवढ्याच जागी कापडाला भोक पाडतं. या लुगड्यावर पदराजवळ दोन होते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तेवढीच जागा भिजवली. ठिपके फिके होत गेले तसं दोनदा नवं पाणी केलं आणि शेवटी भरपूर पाण्याने धुतलं. भिजवायला लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको म्हणतात त्याचंही कारण हेच. माझा प्लास्टिकचा टब आहे.

यानंतर रात्रभर साधं पाणी. या पायरीचं कौतुक कोणी करत नाही, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. टबात आधी जुनी चादर अंथरायची, तिच्यावर लुगडं सैल पसरायचं आणि पाणी घालायचं. ओलं सुती कापड जड होतं, उचलताना सगळा भार घडीच्या रेघेवर येतो आणि ते तिथेच फाटतं. म्हणून उचलायची ती चादर, लुगडं नाही. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते ओतून दुसरं भरलं, संध्याकाळपर्यंत तेही पिवळसर. पाणी स्वच्छ राहायला लागेपर्यंत पावडर उघडूच नका. नाहीतर तिची ताकद या सुट्या घाणीवरच संपते.

प्रमाण दहा लिटर पाण्याला साठ ग्रॅम. या लुगड्याला पंधरा लिटर लागलं, म्हणजे नव्वद ग्रॅम. पाणी साधारण पन्नास अंश, हात घातला तर फार वेळ ठेववत नाही इतपत. पावडर वेगळ्या मगात गरम पाण्यात पूर्ण विरघळवूनच टबात ओतायची, कारण न विरघळलेला दाणा कापडावर बसला तर तेवढाच ठिपका जास्त उजळतो. कापड पूर्ण बुडालं पाहिजे. बुडबुड्यांनी एखादा भाग वर तरंगला तर पाण्याच्या रेषेवर नवी पिवळी कड तयार होते आणि एवढ्या कष्टांनी आणखी एक रेघ वाढते! मी वर पाणी भरलेल्या दोन प्लास्टिकच्या डब्या ठेवते. हातमोजे घालाच, सोड्याने बोटं कोरडी ठणठणीत होतात.

पहिल्या तासात रेघांवर फरक दिसत नाही म्हणून आणखी पावडर टाकायचा मोह होतो. टाकू नका. चार-पाच तासांनी बघा. लुगड्याचे लांबट पट्टे तोवर जवळपास गेले होते. जिथे आडवी आणि उभी घडी एकमेकींना छेदतात तिथले तपकिरी ठिपके मात्र फक्त फिके झाले होते. पाणी निवलं आणि बुडबुडे थांबले की त्या पाण्यात दम उरत नाही, तेव्हा भिजत ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी त्याच प्रमाणात नवं पाणी केलं. त्याने ठिपके आणखी उतरले, पण छेदावरचे तीन-चार राहिले. तिसऱ्यांदा केलं नाही. दुसऱ्या खेपेला जे हललं नाही तो धागाच रंगलेला आहे, आणि तिथे रेटत राहिलं की आधी कापड जातं, मग डाग.

सोडा कापडात राहिला तर काही महिन्यांनी तोच पुन्हा पिवळा करतो, म्हणून खळबळणं फार महत्त्वाचं. हाताला बुळबुळ लागत नाही एवढ्यावर मी विसंबत नाही. पांढऱ्या कागदावर हळद चोळून ठेवते आणि कापडातून निथळणारा थेंब त्यावर टाकते. लालसर झाला तर सोडा आहे, आणखी पाणी. हळद पिवळी राहिली की संपलं. (हा कागद टबापासून लांब ठेवा, हे सांगायला नको.) पिळायचं नाही. चादरीसकट उचलून खाटेवर पसरायचं, दोरीवर नाही.

क्लोरीनचं पातळ ब्लीच याच्यापेक्षा झटपट आहे, हे खरं. काही मिनिटांत रेघ जाते. पण घडीवरचा आधीच जळलेला धागा ते आणखी खातं, आणि पुढच्या धुण्यात कापड बरोब्बर रेघेवर उसवतं. जुन्या धोतरावर मी ते घालणार नाही. नीळ तर पिवळेपणा काढतच नाही, वर निळसर छटा देऊन झाकते. सगळीकडून हलकं पिवळं झालेलं कापड निळीने चांगलं दिसतं. रेघांच्या कापडावर मात्र रेघा राखाडी दिसायला लागतात. द्यायचीच असेल तर ब्लीचनंतर, अगदी पुसट.

पावडरीविषयी एक तक्रार आहे. पावसाळ्यात ती दमट होऊन गोळे धरते आणि तिचा जोर जातो. एखाद्या कापडावर उगाच मेहनत घेण्याआधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. भरपूर बारीक बुडबुडे आले तर ठीक, नाहीतर तो आता नुसता धुण्याचा सोडा. ओला चमचा पाकिटात घालू नका. आणि विरघळवलेलं पाणी उरलं तर बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटते. त्या दिवशीचं त्या दिवशी ओतून द्यायचं. मोठं पाकीट स्वस्त पडतं, तरी मी आता छोटंच घेते.

रेघा परत येतात का? पावसाळ्यानंतर सगळं उघडून बघितलं. लुगडी जशी ठेवली होती तशीच निघाली, छेदावरचे जुने ठिपके सोडून. एका धोतरावर मात्र कडा पुन्हा हलक्या पिवळ्या होत्या. ते सणाला नेसायला म्हणून धाकट्या दिरांनी नेलं होतं, आणि परत आलं ते खळ आणि कडक इस्त्री केलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. खळ ओल धरून ठेवते, पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही. रात्रभर साध्या पाण्यात ठेवल्यावर तो पिवळेपणा उतरला, पावडर लागलीच नाही. आता ट्रंकेत जाणाऱ्या कापडाला खळ नाही, इस्त्री नाही. जुन्या धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळायचं, आणि मधूनमधून उघडून घडी जुन्या रेघेवर न घालता चार बोटं सरकवून घालायची. खळ हवीच असेल तर नेसायच्या आदल्या दिवशी द्यायची, आणि नेसून झाल्यावर धुऊन काढूनच ट्रंकेत टाकायचं.