अर्थ फॉल्ट: केबल कापली की बेसमध्ये पाणी?

मुंबईत पावसाळा लागला की फायर अलार्म पॅनलवर अर्थ फॉल्टचा पिवळा दिवा येतोच, आणि सगळे आधी डिटेक्टर काढायला धावतात. थांबा, आधी पॅनल बंद करून लूपची दोन्ही टोकं सोडा आणि मल्टिमीटरने प्रत्येक कोर ते अर्थ रेझिस्टन्स बघा.

केबल क्लॅम्पखाली चिरडली असेल किंवा ट्रेच्या कडेने कापली असेल तर रीडिंग बहुतेक कमी आणि स्थिर असतं, ऊन असो की पाऊस. डिटेक्टरच्या बेसमध्ये ओल असेल तर आकडा किलोओहममध्ये नाचत राहतो, सकाळी कमी, दुपारी सुकलं की जास्त, आणि पॅनलही कधी फॉल्ट दाखवतं कधी नाही. हा दुसरा प्रकार जास्त डोकं खातो.

समजा अंधेरीच्या एका सोसायटीत निगेटिव्ह ते अर्थ 40 किलोओहम येतंय आणि हलतंय. लूप मधोमध तोडा, खराब अर्धा पुन्हा तोडा, शेवटी पोडियमच्या एखाद्या बेसपर्यंत पोचाल, टर्मिनलवर हिरवट गंज आणि काँड्युटमधून उतरलेलं पाणी. नुसता पुसून लावलात तर परत येणार, बेस बदला आणि काँड्युटचं तोंड सील करा.

केबलचा संशय असेल तरच 500 व्होल्टचा मेगर, तोही त्या तुकड्यातले सगळे डिटेक्टर, मॉड्यूल आणि आयसोलेटर काढूनच, नाहीतर त्यांची इलेक्ट्रॉनिक्स उडेल. आयसोलेटर ठेवून मल्टिमीटर लावलात तरी रीडिंग फसवं येऊ शकतं, म्हणून तुकड्यातुकड्याने मोजायचं.