गीझरला साधं सॉकेट की १५ अँपिअरचं?

रत्नागिरी, मालवणकडे बऱ्याच घरांत गीझरच्या जाड पिनेला कन्व्हर्टर लावून साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसतात, पाणी तापतं म्हणून कोणी बघत नाही. पण २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर खेचतो, म्हणजे त्या सॉकेटच्या दीडपट, आणि करंट दीडपट झाला की सांध्यावरची उष्णता दुपटीच्या वर जाते. त्यात आपली खारी हवा, आतली पितळी पट्टी काळी पडते, पकड ढिली होते, मग तिथंच जास्त तापतं. पिनेभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी दिसलं, जळका वास आला की मेन बंद करून ते बदलाच.

१५ अँपिअरच्या सॉकेटात पिना जाड, पट्टी रुंद, त्यामुळे तोच करंट आरामात जातो. दीड टनाच्या एसीलाही हेच हवं. मात्र मागची वायर निदान अडीच एमएमची तांब्याची पाहिजे, नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही. प्लग टॉप चांगला पितळी पिनांचा घ्या, आतले स्क्रू वायरमनकडून घट्ट करून घ्या. इंडिकेटरवाला स्विच मी बाथरूमबाहेरच लावायला सांगेन, लाल दिवा दिसला की गीझर चालू राहिलाय हे कळतं, पण सॉकेट तापतंय हे तो सांगत नाही.