मानफाटकाचा खोडा आणि बोळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या चार गोठ्यांनी मिळून हा खोडा करून घेतला. एचएफ संकर गाई, खिल्लार आणि पंढरपुरी म्हशी, तिन्ही प्रकारची जनावरं यातून जातात. लसीकरण, उपचार आणि खुरं तासणं, तिन्ही कामं आठ महिने यातच झाली. बनवायला देण्याआधी आम्हाला जे माहीत हवं होतं, ते इथे लिहितो.

मापं अशी. सगळा सांगाडा 2 इंची बी क्लास पाइपचा आहे आणि खांब 2 फूट काँक्रीटमध्ये गाडलेत. खोड्याची आतली लांबी साडेसात फूट, उंची साडेपाच फूट, रुंदी 27 इंच. खोड्याला जोडलेला बोळ 18 फूट लांब असून त्यात तीन गाई एकामागे एक उभ्या राहतात. रुंदीत तडजोड करू नका. 27 इंचात मोठी संकर गाय आरामात मावते, पण मागे वळू शकत नाही. खिल्लार कालवडीला मात्र ही रुंदी सैल पडते. ती अर्धी वळते आणि तिथेच अडकते, म्हणून लहान जनावर आत घेताना एका बाजूला फळी लावून रुंदी 22 इंचांवर आणतो. बोळाच्या बाजूंना खाली 3 फुटांपर्यंत पत्रा मारलाय. पत्रा नव्हता तेव्हा जनावर पाइपमधून पाय बाहेर काढायचं.

आता मुख्य भाग, म्हणजे मानफाटक. कारागिराने आधी दिलेल्या फाटकात एकच दांडी सरकत होती. तिने मान अडायची, पण सुटताना जनावराला मागे सरकावं लागायचं. गाईला ते जमतं. पंढरपुरी म्हशीचं काय होतं बघा. तिची शिंगं लांब आणि मागे खांद्याकडे वळलेली असतात. डोकं पुढे घालताना शिंगं दांड्यांना घासत सहज पार होतात, पण डोकं मागे ओढलं की तीच शिंगं गळाच्या काट्यासारखी दांडीत अडकतात. म्हैस घाबरून आणखी जोरात मागे ओढते आणि शिंग बुडाशी दुखावतं. म्हणून फाटक बदलून घेतलं. आता दोन पल्ले आहेत, मान धरताना मधे 6 ते 8 इंच फट राहते आणि काम झालं की दोन्ही पल्ले पूर्ण उघडून जनावर पुढेच बाहेर पडतं. आपल्या भागात म्हशी असतील तर पुढून बाहेर काढणारंच फाटक घ्या.

मान धरणाऱ्या दांड्या सरळ आणि उभ्या ठेवा. गळ्याच्या आकाराच्या वाकवलेल्या दांड्या डोकं जास्त घट्ट धरतात हे खरं, पण त्यात जनावर खाली बसलं तर मान वर अडकून राहते आणि गळ्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सरळ दांडीत बसलेल्या जनावराची मान त्याच्याबरोबर खाली सरकते. डोकं जरा जास्त हलतं, पण त्यासाठी म्होरकी आहेच. म्होरकीचा दोर बाजूच्या खांबाला दीड फुटापेक्षा लांब न ठेवता, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधतो. वेसणीला मात्र कधीच बांधत नाही, कारण जनावर घसरलं तर नाकपुडी फाटते.

मागची आडवी दांडी मांडीवर, मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याच्या बऱ्याच वर बसली पाहिजे. आमच्या गाईंना ती जमिनीपासून 32 इंचांवर नीट बसते. त्या सांध्याच्या पातळीवर ती आली तर मागे सरकणाऱ्या गाईचा सांधा आपटून सुजतो. मान अडकून मागची दांडी लागेपर्यंत कोणीही पाइपमधून आत हात घालायचा नाही. मानेत इंजेक्शन देतानाही हात दोन पाइपांच्या मधून न घालता वरच्या पाइपवरून द्यायचा, म्हणजे जनावराने उसळी मारली तरी हात पाइपमध्ये चेमटत नाही.

खुरांचं काम एका उदाहरणावरून सांगतो. साधारण 450 किलोची, तिसऱ्या वेताची संकर गाय, मागच्या उजव्या पायाने लंगडणारी. मान धरून मागची दांडी लावली, आणि पुढच्या पायांच्या मागून पोटाखाली 4 इंची पट्टा घेतला. पट्टा आधारापुरताच असतो, त्याखाली हाताची चार बोटं सहज जावीत. तो घट्ट आवळला की गाय पायावरचं वजन सोडून त्यावर लटकते, मग श्वास घरघरतो आणि जीभ बाहेर येते. असं दिसलं की पट्टा लगेच सोडायचा.

पाय उचलायला 14 मिलीमीटरचा मऊ सुती दोर, सुमारे 12 फूट, त्या मधल्या सांध्याच्या वर दोन वेढे घालून बांधला. दोर वरच्या पाइपवरून घेऊन पाय मागे आणि वर ओढला. बाजूला ओढायचा नाही, कारण गाय तोल सावरायला धडपडते आणि खुब्यावर ताण येतो. दोराचं मोकळं टोक खांबाला गाठ न मारता तीन वेढे घालून एकाच्या हातात दिलं. तीन वेढ्यांनी पाइपवरचं घर्षणच वजन पेलतं आणि हात सोडला की पाय खाली येतो.

मग आतली नखी आधी तासली, कारण मागच्या पायात ती सहसा कमी बिघडलेली असते आणि तीच माप ठरते. केसांच्या कडेपासून टोकापर्यंत साडेसात सेंटीमीटर ठेवली, मोठ्या गाईला 8. टोकाशी तळवा किमान अर्धा सेंटीमीटर जाड राहिला पाहिजे. अंगठ्याने दाबल्यावर तळवा लवला तर तासणं तिथेच थांबवायचं. मग बाहेरची नखी तिच्या पातळीला आणली. तिच्या तळव्यात मधे काळसर लाल डाग होता आणि दाबल्यावर गाय पाय ओढायची. त्या भागाचा भार कमी करण्यासाठी आतल्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवला. रक्त येणारी किंवा खोल जखम असेल तर पुढचं काम पशुवैद्यकाचंच.

पाय एका दमात दहा मिनिटांपेक्षा जास्त उचलून ठेवत नाही, मधे खाली टेकू देतो. सोडण्याचा क्रम मात्र चुकायचा नाही: आधी पाय खाली, मग पोटपट्टा, मग म्होरकी, शेवटी मानफाटक. फाटक आधी उघडलं आणि गाय पाय बांधलेल्या अवस्थेत पुढे झेपावली तर पाय मोडतो.

वापरात निघालेल्या दोन उणिवा. सिमेंटचा तळ शेणाने निसरडा होतो, आणि इतर सगळं बरोबर असूनही गाय त्यानेच पडते. खोबणी पाडून वर रबरी चटई घातल्यावरच हे थांबलं. दुसरी उणीव दिशेची. फाटकाचं तोंड पूर्वेला असल्याने सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि जनावर बोळात थबकतं. पुढे गोणपाटाचा आडोसा केला तेव्हा ते चालू लागलं. तरी एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात पाइप हात लावू देत नाहीत, तेव्हा काम नऊच्या आतच उरकावं लागतं.

व्यायल्यावर लडखडणारी, कॅल्शियम कमी झालेली गाय या खोड्यात घेऊ नका. ती आत कोसळली तर अरुंद जागेत तिला उठवता येत नाही. तिला मोकळ्या मातीत छातीवर बसवून म्होरकी बाजूला वळवून धरली की शिरेतून सलाईन देता येतं.