ट्यूब खरी, आतली सनस्क्रीन खोटी

सनस्क्रीन आणि केसांचं तेल एकाच विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलं होतं. दोन्ही बनावट निघालं. पण दोन्हींतली बनवाबनवी वेगळ्या जातीची होती आणि ती पकडली गेली तीही वेगवेगळ्या जागी, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

संशय आला तो त्वचेमुळे. नेहमीचीच सनस्क्रीन, नेहमीइतकीच लावली, तरी उन्हातून आल्यावर दोन्ही हात लालबुंद झाले आणि रात्रभर आग होत राहिली. आधीची संपत आलेली ट्यूब अजून घरातच होती. दोन्ही ट्यूब शेजारी-शेजारी झाकणावर उभ्या केल्या, तर नवी ट्यूब चांगली अर्ध्या सेंटिमीटरने बुटकी! रंग तोच, अक्षरं तीच, झाकण तेच, हाताला लागणारं प्लास्टिकही तेच.

याचं कारण ट्यूब भरतात कशी यात आहे. कारखान्यात ट्यूब झाकणावर उलटी उभी असते, तिचं वरचं टोक उघडं असतं आणि क्रीम तिथूनच आत सोडतात. मग ते टोक तापवून, दाबून चपटं करतात. ही दाबलेली पट्टी म्हणजे क्रिंप. आता कचऱ्यातून आलेली रिकामी खरी ट्यूब पुन्हा भरायची, तर झाकणाच्या बारीक भोकातून ते काम होत नाही. क्रिंप कापायची, ट्यूब धुवायची, हवं ते भरायचं आणि नवी क्रिंप मारायची. या कापाकापीत लांबी कमी होते, आणि ती काही केल्या परत येत नाही.

माझ्या ट्यूबवर मागच्या मजकुराची शेवटची ओळ क्रिंपमध्ये अर्धी गेली होती. जुन्या ट्यूबवर त्या ओळीखाली मोकळी जागा होती आणि तिथे एक छोटा गडद ठोकळा छापलेला होता. तो शोभेचा नसतो. भरणाऱ्या मशीनचा सेन्सर तो ठोकळा पाहून ट्यूब फिरवतो आणि मगच दाबतो, त्यामुळे ब्रँडचं नाव क्रिंपच्या बरोबर मधोमध येतं. नव्या ट्यूबवर ठोकळा गायब होता आणि नाव एका बाजूला सरकलेलं. हाताने धरून दाबलं की असंच होतं. क्रिंपवरच्या बारीक समांतर रेघाही मध्येच पुसट होत्या, एका कोपऱ्यात प्लास्टिक वितळून गाठ झाली होती. जुन्या क्रिंपमध्ये बॅच नंबर दाबून उठवलेला होता. नवीवर तो काळ्या शाईने छापलेला, नखाने खरवडला तर निघाला.

यातला एखाद-दुसरा फरक खऱ्या ट्यूबमध्येही सापडतो. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, काही कंपन्या बॅच नंबर शाईनेच छापतात, आणि पॅकिंग बदललं की ठोकळ्याची जागाही बदलते. पण कापलेला मजकूर, सरकलेलं नाव आणि वितळलेली गाठ हे तिन्ही एकत्र दिसलं तर माझ्या मते विषय संपला.

ट्यूब खरी असल्यामुळे तिच्यावरची घटकांची यादीही खरीच होती. खोटं होतं ते बाहेरचं खोकं. रिकाम्या ट्यूबबरोबर खोकी मिळत नसावीत, म्हणून ती नव्याने छापलेली. ट्यूबवरच्या यादीत ऊन अडवणारे घटक पाण्यानंतर लगेच येत होते, खोक्यावरच्या यादीत ते फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर. हा फरक वाचायला रसायनशास्त्र लागत नाही. यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहितात, आणि १ टक्क्याखालचे घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते साधारणपणे १ टक्क्याच्या वर घालायला परवानगी नसते. म्हणजे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते १ टक्का किंवा त्याहून कमी. ऊन अडवणारा एकूण एक घटक तिथे खाली बसला असेल, तर एसपीएफ ५० कुठून येणार? शिवाय ब्युटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन या लांबलचक नावातलं एक अक्षर खोक्यावर गळालेलं होतं. मोठ्या नावांत अशी गळती होते, कारण नक्कल करणारा ती वाचत नाही, नुसती उतरवतो.

तेलाची बाटली मात्र अथपासून इतिपर्यंत नकली होती. झाकण घट्ट होतच नव्हतं. फिरवत गेलं की शेवटी आटे सरकायचे आणि झाकण पुन्हा सैल. नवीन बाटली पाहायची असेल तर झाकण आधी उलटं, अगदी हळू फिरवा. आट्यांची सुरुवात जुळते तिथे ‘टक्’ होऊन झाकण किंचित खाली बसतं. तिथून ते सुलट फिरवलं की न अडखळता गेलं पाहिजे, आणि पूर्ण बसल्यावर झाकण आणि बाटलीचा खांदा यांतली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. माझ्या बाटलीत एका बाजूला नख जाईल इतकी फट होती. मान एका साच्यातली, झाकण दुसऱ्या, मग आटे जुळणार कसे?

झाकणाखाली अॅल्युमिनियमचं सील होतं, त्यामुळे पहिल्यांदा बरं वाटलं. खरं सील झाकणाच्या बाहेरून चुंबकीय क्षेत्राने तापवतात आणि त्याचा प्लास्टिकचा थर वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो. ते ओढताना जोर लागतो, बरेचदा फाटतं, काठावर पातळ कडं राहतं. काही सील सहज निघणारीही असतात, पण त्यांच्याखाली चिकटपणा नसतो. माझं सील बोटाने ढकलताच अख्खं निघालं आणि काठ गोंदाने चिकट. तेलाने गोंद एका बाजूने आधीच सोडवला होता, बाटलीचा खांदा तेलकट होता तो त्यामुळेच.

आणि यादी! तेलाच्या बाटलीवर पहिलं नाव पाणी, दुसरं सोडियम लॉरेथ सल्फेट. हा फेसाचा पदार्थ आहे, शाम्पूत असतो. कुठल्या तरी शाम्पूची यादी उचलून तेलावर चिकटवली होती. निव्वळ तेलात पाणी मिसळत नाही, ते तळाशी वेगळं होतं. यादीत पाणी पहिलं आणि बाटलीत मात्र एकसंध तेल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

विक्रेत्याने आधी ‘नवीन पॅकिंग आहे’ असं उत्तर दिलं. मग मी सनस्क्रीनच्या कंपनीला जुन्या-नव्या क्रिंपचे शेजारी-शेजारी फोटो आणि बॅच नंबर पाठवला. उत्तर आलं की तो नंबर खरा आहे, पण वेगळ्या मापाच्या ट्यूबचा. ते पत्र तक्रारीला जोडल्यावर पैसे परत मिळाले. विक्रेत्याचं दुकान त्याच नावाने अजून चालू आहे.

तक्रार करायची वेळ आली तर सील, खोकं आणि झाकण फेकू नका, आणि ट्यूब चेपण्याआधी तिचा उभा फोटो काढून ठेवा. खोकं आणि ट्यूब यांवरचा बॅच नंबर एकाच फोटोत आला तर उत्तमच. संपलेली ट्यूब मी आता मधोमध आडवी कापून टाकते. क्रिंपजवळ कापून उपयोग नाही, तिथे तर त्यांनाही कापायचंच असतं.